फुली आणि काडी: गुणसूत्रांच्या पाच आकृत्या आणि एका उत्तरपत्रिकेतला गोंधळ

फोंड्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या अकरावीच्या सराव चाचणीत पेशीविभाजनावर एक आकृतिप्रश्न होता. पाच पेशी काढलेल्या, सगळ्या एकाच प्राण्याच्या, आणि वर एक ओळ: 2n = 4. प्रत्येक आकृती कुठल्या विभाजनाची आणि कुठल्या अवस्थेची ते ओळखा, कारण लिहा. इथे ज्या मुलीच्या उत्तरपत्रिकेचा विचार केला आहे, तिनं धडा वाचला होता, अवस्थांचा क्रम तिला पाठ होता. तरीही पाचपैकी तीन उत्तरं चुकली. चुका मात्र वाटेल तशा झालेल्या नव्हत्या. त्यांतल्या दोन चुकांच्या मुळाशी एकच समजूत होती, म्हणून ती उत्तरपत्रिका नीट उलगडून पाहण्यासारखी आहे.

आधी आकृत्या. 2n = 4 म्हणजे गुणसूत्रांच्या दोन जोड्या; चित्रात एक जोडी लांब गुणसूत्रांची आणि एक आखूड. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र काळं भरलेलं, दुसरं कोरं, म्हणजे एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. (2n = 4 हा आकडा केवळ प्रश्नासाठी बनवलेला नाही. हॅप्लोपॅपस ग्रॅसिलिस नावाच्या रानफुलाच्या पेशीत खरोखरच चार गुणसूत्रं असतात.)

आकृती अ: मधल्या रेषेवर चार फुल्या, एकीशेजारी एक. दोन लांब, दोन आखूड.
आकृती ब: मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फुल्या, लांबासमोर लांब, आखडासमोर आखूड.
आकृती क: वरच्या टोकाकडे दोन फुल्या, खालच्या टोकाकडे दोन. प्रत्येक टोकाला एक लांब, एक आखूड.
आकृती ड: लहान पेशी, मधल्या रेषेवर दोनच फुल्या, एक लांब, एक आखूड.
आकृती इ: प्रत्येक टोकाकडे दोन काड्या, कोनासारख्या वाकलेल्या. एक लांब, एक आखूड.

मुलीची उत्तरं अशी: अ म्हणजे समसूत्री विभाजनाची मध्यावस्था, ब म्हणजे अर्धसूत्री विभाजनाची मध्यावस्था १, क म्हणजे समसूत्रीची पश्चावस्था, ड म्हणजे समसूत्रीची मध्यावस्था, इ म्हणजे अर्धसूत्रीची पश्चावस्था १. अ आणि ब बरोबर, बाकीची तिन्ही चूक.

एक गोष्ट लगेच दिसते. अवस्थेचं नाव तिनं एकदाही चुकवलेलं नाही. रांग दिसली की मध्यावस्था, दोन टोकांकडे ओढ दिसली की पश्चावस्था, हे ज्याला त्याला जमतं. चुकतं ते विभाजन. ड तर ती अ सारखीच समजली, कारण दोन्हीकडे फुल्या एकेरी रांगेत आहेत. पण खरा धागा क आणि इ मध्ये सापडतो. तिनं ती दोन्ही जवळजवळ उलटी लावली होती. क पुढे तिचं कारण होतं, 'पूर्ण गुणसूत्रं दोन्हीकडे जातात, म्हणून समसूत्री'. आणि इ पुढे, 'गुणसूत्रं अर्धी झाली, म्हणून अर्धसूत्री'.

तपासताना बाईंनी तिला बोलावून इ वरच बोट ठेवलं.

'ह्यात अर्धं काय झालं गं?'
'टीचर, आधी फुली होती, आता एकेकच काडी राहिली. म्हणजे अर्धंच नव्हे?'
'ह्या काडीला सेंट्रोमिअर आहे?'
'आहे.'
'मग ते एक अख्खं गुणसूत्र. फुलीलासुद्धा सेंट्रोमिअर एकच होता, तेव्हाही ते एकच होतं.'

सगळा घोळ इथे आहे. तिच्या डोक्यात फुली म्हणजे पूर्ण गुणसूत्र आणि काडी म्हणजे अर्धं. खरं पाहता काडी हीच गुणसूत्राची नेहमीची स्थिती. विभाजनाआधी, पेशीचक्राच्या एस टप्प्यात, डीएनएची नक्कल होते आणि एका काडीच्या जागी दोन सारख्या काड्या सेंट्रोमिअरपाशी चिकटून राहतात. हे दोन भगिनी क्रोमॅटिड. फुली म्हणजे नक्कल झालेलं पण अजून वेगळं न झालेलं एक गुणसूत्र. फुलीच्या दोन काड्या झाल्या तर गुणसूत्रांची संख्या घटत नाही, उलट एकाची दोन होतात. अर्धसूत्री विभाजनात जे निम्मं होतं ते फुलीचं नव्हे, जोडीचं: लांब-लांब जोडीतलं एक लांब एका पेशीत जातं, दुसरं दुसऱ्या पेशीत.

ही गोष्ट पक्की झाली की कुठलीही आकृती तीन प्रश्नांनी सुटते, आणि ते ह्याच क्रमानं विचारावेत. पहिला, पेशीत किंवा एका टोकाला सेंट्रोमिअर किती? दुसरा, त्या गटात एकाच लांबीचे दोन जोडीदार आहेत का, आणि असले तर एकमेकांना धरून आहेत की सुटे? तिसरा, गुणसूत्रं फुलीच्या रूपात आहेत की काडीच्या? अवस्थेचं नाव त्यानंतर. बहुतेक मुलं नाव आधी लिहितात आणि मग कारण शोधतात, तिथेच पाय घसरतो.

आता हे प्रश्न आकृत्यांना लावू. अ मध्ये सेंट्रोमिअर चार, म्हणजे 2n पूर्ण आहे. जोडीदार आहेत, दोन लांब आणि दोन आखूड, पण एकमेकांना धरलेले नाहीत. प्रत्येक फुली आपापली उभी. समसूत्री मध्यावस्था. मुलीचं उत्तर बरोबर आहे, पण कारणात तिनं 'रांग एकेरी आहे' एवढंच लिहिलं. तेवढ्यावर ड सुद्धा समसूत्री ठरेल, आणि नेमकं तेच झालं. ड मध्येही रांग एकेरी, पण सेंट्रोमिअर दोन. लांबाचा जोडीदार लांब त्या पेशीत नाहीच. 2n = 4 असलेल्या प्राण्याच्या पेशीत प्रत्येक प्रकारचं एकच गुणसूत्र आहे, म्हणजे जोड्या आधीच फुटून गेल्या आहेत. आणि गुणसूत्रं अजून फुल्याच आहेत, म्हणजे भगिनी क्रोमॅटिड वेगळे व्हायचे बाकी आहेत. म्हणून अर्धसूत्रीची मध्यावस्था २. पेशी लहान काढली आहे हा पुरावा मानू नये; आकृती काढणारा आकार जागेप्रमाणे ठरवतो.

ब मध्ये सेंट्रोमिअर चारच, पण लांब लांबाला धरून आणि आखूड आखडाला धरून. इथे मुलीनं फुल्या 'दोन ओळींत' आहेत असं लिहिलं आणि गुण मिळाले. तरी हे कारण कच्चं आहे. चित्रकारानं अ मधल्या चार फुल्या जागा पुरेना म्हणून थोड्या पुढेमागे काढल्या तर त्याही दोन ओळींत दिसतील. पक्की खूण वेगळी आहे: रेषेवर नेमकं काय येतं ते बघायचं. समसूत्री मध्यावस्थेत प्रत्येक सेंट्रोमिअर मधल्या रेषेवरच असतो, कारण त्याच्या दोन्ही अंगांना तर्कुतंतू जोडलेले असतात, एक वरच्या ध्रुवाचा आणि एक खालच्या. मध्यावस्था १ मध्ये सेंट्रोमिअर रेषेवर नसतात. जोडीतल्या एकाचा रेषेच्या वर, दुसऱ्याचा खाली, आणि रेषेवर येतात ते भुजांचे भाग, जिथे दोघं कायझ्म्यांनी अडकलेले असतात. चवथीला फुगडी घालणाऱ्या दोघीजणींसारखं: अंगं मागे झुकलेली, मधल्या रेषेवर फक्त एकमेकींना धरलेले हात.

क वर जरा थांबावं लागतं, कारण सर्वांत जास्त चुका ह्याच आकृतीत होतात. ओढ आहे, म्हणजे पश्चावस्था. प्रत्येक टोकाला सेंट्रोमिअर दोन, म्हणजे 2n च्या निम्मे. प्रत्येक टोकाला लांब एकच, आखूड एकच, म्हणजे जोड्या फुटल्या. पण टोकाकडे जाणारं प्रत्येक गुणसूत्र अजून फुली आहे. फुल्या अख्ख्याच्या अख्ख्या टोकांकडे निघाल्या आहेत असं दिसलं की ती पश्चावस्था १, दुसरी कुठलीही नाही. समसूत्रीच्या पश्चावस्थेत फुली टोकाकडे जाऊच शकत नाही, तिथे फुली दुभंगते आणि तिच्या काड्या जातात. म्हणजे मुलीनं जे कारण समसूत्रीसाठी दिलं, तेच समसूत्री नसल्याचा पुरावा आहे.

इथे एक शंका हुशार मुलं विचारतात आणि ती विचारावीच. पश्चावस्था १ मध्ये फुली का फुटत नाही? भगिनी क्रोमॅटिड कोहेसिन नावाच्या प्रथिनांच्या कड्यांनी बांधलेले असतात आणि पश्चावस्थेत सेपरेज नावाचं विकर ही कडी तोडतं. समसूत्रीत उरलेली सगळी कडी तुटतात, त्यामुळे काड्या सुट्या होतात. अर्धसूत्रीच्या पहिल्या फेरीत भुजांवरची कडी तुटतात, पण सेंट्रोमिअरजवळच्या कड्यांना शुगोशिन नावाचं प्रथिन राखतं. (हे नाव जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दिलं, त्याचा अर्थ रक्षक देवता असा आहे.) भुजांवरची कडी तुटली की कायझ्मे सुटतात आणि जोडी वेगळी होते, सेंट्रोमिअरची कडी राहिल्यामुळे दोन्ही क्रोमॅटिड एकत्रच जातात. दुसऱ्या फेरीत ही राखण उरत नाही आणि मग काड्या सुटतात. शिवाय पहिल्या फेरीत दोन्ही भगिनी क्रोमॅटिडांना तर्कुतंतू एकाच ध्रुवाकडून जोडलेले असतात, त्यामुळे ते एकाच दिशेला ओढले जातात.

ह्याचा आकृतीवर एक परिणाम होतो आणि तो नेमका गोंधळात पाडतो. पश्चावस्था १ मध्ये भुजांना बांधणारं काही उरलेलं नसतं, त्यामुळे काळजीपूर्वक काढलेल्या आकृतीत फुली आवळलेली दिसत नाही. दोन क्रोमॅटिड फक्त सेंट्रोमिअरपाशी चिकटलेले आणि भुजा फाकलेल्या, मागे लोंबणाऱ्या. एका टोकाशी दोन गुणसूत्रं आणि भुजा आठ. मुलं भुजा मोजतात आणि 'चार काड्या आहेत' म्हणून समसूत्री लिहितात. मोजायचे असतात ते सेंट्रोमिअर. पेन्सिलीनं प्रत्येक सेंट्रोमिअरवर ठिपका द्यावा आणि ठिपके मोजावेत. एका ठिपक्यातून चार भुजा निघत असतील तर फुली, दोनच निघत असतील तर काडी.

इ मध्ये प्रत्येक टोकाला दोन ठिपके, प्रत्येकातून दोन भुजा. म्हणजे काड्या, आणि प्रत्येक प्रकारची एक. फुली दुभंगली आहे आणि जोडीदारही नाहीत. पश्चावस्था २. हीच आकृती समसूत्री पश्चावस्थेची असती तर प्रत्येक टोकाला चार काड्या दिसल्या असत्या, दोन लांब आणि दोन आखूड, पूर्ण पेशीत आठ. तो आठ आकडा पाहून काही मुलं घाबरतात आणि 2n = 4 चुकीचं छापलंय असं समजतात. तसं नाही. फुल्या दुभंगल्यापासून पेशी दुभागेपर्यंत पेशीत गुणसूत्रं दुप्पट असतातच. म्हणून पश्चावस्थेत संख्या नेहमी एका टोकाची मोजावी, पूर्ण पेशीची नव्हे.

रंगाबद्दल एवढंच: काळं आणि कोरं हे फक्त कोणाकडून आलं ते सांगतं. जोडीदार ठरतात लांबीवरून आणि सेंट्रोमिअरच्या जागेवरून. काळं लांब आणि कोरं लांब हे जोडीदार. काळं लांब आणि काळं आखूड हे जोडीदार नव्हेत. छायाप्रतीत काळा रंग उतरला नाही किंवा सगळंच राखाडी झालं, तरी लांबी शाबूत असते. एखाद्या फुलीच्या एका भुजेचं टोक वेगळ्या रंगाचं असेल तर तिथे क्रॉसिंग ओव्हर झालं आहे आणि पेशी अर्धसूत्रीच्या पूर्वावस्था १ मधून गेली आहे. अशी खूण दिसली की समसूत्री बाद. उलट बाजूनं मात्र अनुमान काढू नये. खूण नाही म्हणून समसूत्री असं ठरत नाही. चित्रकारानं ती वगळलेली असू शकते, आणि ड्रॉसोफिला माशीच्या नरात तर अर्धसूत्री विभाजनातही क्रॉसिंग ओव्हर होत नाही.

ह्याच प्रश्नाचा एक उपप्रश्न होता, जी१ टप्प्यातल्या पेशीत 6 पिकोग्रॅम डीएनए धरून प्रत्येक आकृतीतला डीएनए काढायचा. मुलीनं इथेही क आणि इ चुकवलं, त्याच समजुतीपायी. नक्कल झाल्यावर 12 होतात, म्हणून अ आणि ब मध्ये 12. क मध्ये पूर्ण पेशीत 12, प्रत्येक टोकाकडे 6. ड मध्ये 6. इ मध्ये पूर्ण पेशीत 6, प्रत्येक टोकाकडे 3. गंमत अशी की ड मध्ये गुणसूत्रं दोन आणि डीएनए 6, तर साध्या जी१ पेशीत गुणसूत्रं चार आणि डीएनएही 6. कारण ड मधलं प्रत्येक गुणसूत्र फुली आहे, जी१ मधलं काडी. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचं प्रमाण प्रत्येक वेळी बरोबरीनं घटत नाहीत. संख्या फक्त पहिल्या फेरीत निम्मी होते. डीएनए 12 वरून 6 आणि 6 वरून 3 असा दोन्ही फेऱ्यांत उतरतो. हा हिशोब ज्याला बसला त्याला काडी अर्धी वाटत नाही.

उत्तरात कारण कसं लिहावं याचा एक नमुना, क साठी: 'प्रत्येक ध्रुवाकडे दोन गुणसूत्रं (n) जात आहेत, प्रत्येक प्रकारचं एकच, प्रत्येक गुणसूत्र दोन क्रोमॅटिडचं आहे, म्हणजे सजातीय गुणसूत्रं वेगळी झाली, भगिनी क्रोमॅटिड नाहीत, म्हणून पश्चावस्था १.' संख्या, जोडीदार आणि रूप तिन्ही एका वाक्यात आली की तपासणाऱ्याला शंका राहत नाही.

ही पद्धत आकृतीसाठी आहे, प्रयोगशाळेतल्या स्लाइडसाठी नाही. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड घेतली तर 2n = 16; मध्यावस्था बाजूनं पाहिली तर सोळा फुल्यांचा एक गडद पट्टाच दिसतो, ठिपके मोजणं अशक्य. तीच पेशी ध्रुवाकडून दिसली तर पट्ट्याऐवजी फुल्यांचा पसरट घोळका दिसतो आणि रांग कुठेच नसते. तिथे विभाजन ठरतं ते ऊतकावरून. मुळाच्या टोकात फक्त समसूत्री विभाजन चालतं, म्हणून स्लाइडवर कितीही चमत्कारिक पेशी दिसली तरी अर्धसूत्री लिहायचं कारण नाही.

आकृतीलाही एक मर्यादा आहे आणि ती त्याच चाचणीतल्या पुढच्या प्रश्नात उघडी पडली. तिथे एकच आकृती: मधल्या रेषेवर तीन फुल्या, तिन्ही वेगळ्या लांबीच्या. 2n दिलेलं नाही. उत्तरपत्रिकेत मुलीनं मध्यावस्था २ लिहिलं आणि तेच अपेक्षित होतं. तीन सेंट्रोमिअर, जोडीदार कोणालाच नाही, म्हणजे 2n = 6 असलेल्या जीवाची दुसरी फेरी. पण 2n माहीत नसताना तितकंच बरोबर दुसरं उत्तरही आहे: मुळातच एकगुणित, n = 3 असलेल्या पेशीची समसूत्री मध्यावस्था. दोन्ही आकृत्यांत रेषभर फरक नसतो. आणि एकगुणित पेशींचं समसूत्री विभाजन ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. पावसाळ्यात गोव्यातल्या चिऱ्यांच्या कुंपणांवर हिरवीगार मॉस चढते, तिचा हिरवा, पानांसारखा भाग एकगुणित आणि समसूत्रीनं वाढलेला. तिचे युग्मकही समसूत्रीनंच होतात. मधमाशीचा नर न फलित झालेल्या अंड्यातून होतो, तोही एकगुणित, आणि त्याचं अंग समसूत्रीनंच घडतं.

नुसती विषम संख्या पाहूनही एकगुणित पेशी असं ठरवू नये. नाकतोड्याच्या नरात एकच एक्स गुणसूत्र असतं, त्यामुळे त्याच्या साध्या द्विगुणित पेशीतही गुणसूत्रांची संख्या विषम येते. मात्र तिथे बाकीच्या गुणसूत्रांना जोडीदार दिसतात, बिनजोडीचं एकटंच असतं. ह्या आकृतीत तिघांपैकी कोणालाच जोडीदार नाही, म्हणून ही शक्यता इथे लागू होत नाही.

असा प्रश्न काढणाऱ्यानं एकतर 2n द्यावं, नाहीतर पेशी कुठली ते सांगावं, आणि तेही नेमकं. 'परागकोशातील पेशी' एवढ्यानं भागत नाही. परागकोशात पराग मातृपेशी अर्धसूत्रीनं विभागते खरी, पण तिच्यापासून झालेला एकगुणित परागकण पुढे स्वतः समसूत्रीनं विभागतो, आणि त्याची मध्यावस्था हुबेहूब ह्याच आकृतीसारखी, तीन एकेकट्या फुल्यांची दिसते. 'पराग मातृपेशीच्या विभाजनातील एक अवस्था' असं लिहिलं तरच मध्यावस्था २ हे एकमेव उत्तर उरतं.